‘फॅट बर्न’ झोनमधली टक्केवारी आणि दिवसाचा हिशोब

*वय ४३, वजन ७५ किलो, पोट सुटलंय. जिममधले ट्रेनर म्हणतात, हार्ट रेट १०६ ते १२४ मध्येच ठेवा, तो फॅट बर्न झोन आहे. त्याच्या वर गेलात की चरबी जळायची थांबते, नुसती साखर जळते. दोन महिने, आठवड्याचे पाच दिवस, ४० मिनिटं ट्रेडमिलवर सहाच्या स्पीडने चालतोय. वजन अर्धा किलोही हललं नाही. मित्र पळतो, त्याचं उतरलं. हा झोन खरा असतो की नाही?*

असतो. मी गेली अठरा वर्षं लोकांच्या तोंडावर मास्क लावून तो मोजतोय, त्यामुळे ‘सगळं थोतांड आहे’ असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या ट्रेनरनी जे मोजलं जातं ते सांगितलं आणि त्यावरून जो अर्थ काढला तो त्यातून निघत नाही.

आधी मोजतात कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माणूस ट्रेडमिलवर चालत असताना मास्कला जोडलेलं यंत्र दोन गोष्टी बघतं: शरीराने किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे ६ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ निघतात. म्हणजे भागाकार १. चरबीतलं पामिटिक आम्ल घेतलं तर ऑक्सिजनचे २३ लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे १६ निघतात. भागाकार ०.७०. आमच्याकडे या भागाकाराला सगळे आरईआर म्हणतात. आकडा ०.७० च्या जवळ असेल तर जवळजवळ सगळी चरबी जळतेय, १ च्या जवळ असेल तर जवळजवळ सगळी कर्बोदकं, आणि ०.८५ ला साधारण निम्मं-निम्मं. स्नायूच्या आत न डोकावता इंधन ओळखायची ही युक्ती जुनी आणि पक्की आहे. फक्त फार दमल्यावर, आकडा १ च्या पुढे गेला की ती चालत नाही, कारण तेव्हा बाहेर पडणारा सगळा कार्बन डायऑक्साइड इंधन जळून आलेला नसतो.

आता तुमच्याच वयाच्या आणि वजनाच्या एका गृहस्थांचे आकडे देतो. शनिवार-रविवार बॅडमिंटन खेळणारे, म्हणजे अगदीच न हलणारे नव्हेत. सकाळी उपाशीपोटी चाचणी केली, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून जरा गोळाबेरीज केलीय. तीन वेग धरू, आणि प्रत्येकी ४० मिनिटं.

सपाट पट्ट्यावर ताशी ६ किलोमीटर, म्हणजे तुम्ही करताय तेच. हार्ट रेट १०२. आरईआर ०.८२, म्हणजे ६० टक्के ऊर्जा चरबीतून. ४० मिनिटांत खर्च १९५ कॅलरी, त्यातल्या ११७ चरबीच्या. एका ग्रॅम चरबीला ९ कॅलरी धरल्या तर १३ ग्रॅम चरबी जळाली.

मग वेग थोडा कमी करून साडेपाच केला आणि पट्टा ५ टक्के चढाचा केला. हार्ट रेट १२८, आरईआर ०.८५. चरबीची टक्केवारी ५० वर उतरली, पण एकूण खर्च ३०५ कॅलरींवर गेला. त्यातली निम्मी म्हणजे १५३ कॅलरी, १७ ग्रॅम चरबी. टक्केवारी कमी, ग्रॅम जास्त. या गृहस्थांसाठी दर मिनिटाला सर्वांत जास्त चरबी इथेच जळत होती. आम्ही ज्याला खरा ‘फॅटमॅक्स’ म्हणतो तो हा. आणि गंमत बघा, तक्त्यातला १०६ ते १२४ चा पट्टा त्यांच्यासाठीही तोच होता, पण त्यांचा शिखरबिंदू त्या पट्ट्याच्या बाहेर निघाला. त्याकडे नंतर येतो.

तिसरं, ताशी ८ किलोमीटरने हळू धावणं. हार्ट रेट १५८, आरईआर ०.९२. चरबीची टक्केवारी २७ वर. ट्रेनरच्या भाषेत ‘नुसती साखर’. पण एकूण खर्च ४४८ कॅलरी होता, आणि ४४८ चे २७ टक्के म्हणजे १२१ कॅलरी, साधारण साडेतेरा ग्रॅम चरबी. म्हणजे तुम्ही ज्या चालण्याला चरबी जाळणारं समजताय त्याच्याइतकीच, किंचित जास्तच, चरबी या ‘साखर जाळणाऱ्या’ धावण्यातही गेली. टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला काही अर्थ नसतो. टक्केवारीच बघायची तर सोफ्यावर पडून राहावं, तिथे ती चालण्यापेक्षाही चांगली असते.

यावर हुशार माणूस म्हणतो, ठीक आहे, मग मधला वेगच घ्यावा, तिथे १७ ग्रॅम आहेत. धावण्यापेक्षा साडेतीन ग्रॅम जास्त. बरोबर आहे. पण साडेतीन ग्रॅम म्हणजे चहाचा चमचा भरून तेलसुद्धा नाही. आणि त्या पाऊण चमच्याच्या फायद्यासाठी आपण १४३ कॅलरींचा एकूण खर्च सोडून देतोय. या १४३ कॅलरींचं काय होतं, हा खरा मुद्दा आहे.

त्याआधी, वेग वाढला की शरीर चरबी सोडून साखरेकडे का वळतं ते थोडक्यात. चरबी जाळण्याची वाट लांबची आहे. ती आधी पोटा-मांड्यांवरच्या साठ्यातून सुटावी लागते, रक्तातून स्नायूपर्यंत यावी लागते आणि मग पेशीच्या भट्टीत, मायटोकॉन्ड्रियात, शिरावी लागते. उलट साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूतच पडलेला असतो, हाताशी. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखर थोडी जास्त ऊर्जा देते, आणि दम लागायला लागल्यावर ऑक्सिजनचीच चणचण असते. एक प्रयोग मला फार आवडतो. १९९३ मध्ये अमेरिकेत रोमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या सायकलपटूंना तीन वेगवेगळ्या जोरांवर सायकल चालवायला लावून इंधन मोजलं. कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांवर चरबीचं ज्वलन सर्वांत जास्त होतं आणि ८५ टक्क्यांवर ते घसरलं. तिथे रक्तातली चरबीही कमी झालेली दिसली. मग त्यांना प्रश्न पडला, पुरवठा कमी पडतो म्हणून ज्वलन कमी होतंय का? पुढच्या प्रयोगात त्यांनी शिरेतून चरबी देऊन रक्तातलं प्रमाण वाढवलं आणि पुन्हा ८५ टक्क्यांवर सायकल चालवून घेतली. ज्वलन वाढलं, पण पूर्ण भरून आलं नाही. म्हणजे दारात माल येऊन पडला तरी भट्टीच्या तोंडाशी अडतंय. साखर वेगाने फुटायला लागली की चरबीला मायटोकॉन्ड्रियात नेणारं कार्निटिन दुसऱ्या कामात अडकतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. तेव्हा ट्रेनर म्हणतात ते वळण खरंच येतं. फक्त ते दिव्याच्या बटणासारखं नसतं, उतारासारखं असतं. १२४ ला चरबी चालू आणि १२५ ला बंद, असं काही होत नाही.

आता त्या १४३ कॅलरी.

आपल्या गृहस्थांनी चढावर चालताना १५२ कॅलरी कर्बोदकांच्या जाळल्या, म्हणजे ३८ ग्रॅम. धावताना ३२७, म्हणजे ८२ ग्रॅम. फरक ४४ ग्रॅमचा. दोन मध्यम पोळ्यांत साधारण एवढीच कर्बोदकं असतात. ही कर्बोदकं मुख्यतः स्नायूतल्या ग्लायकोजेनमधून गेली, आणि ते ग्लायकोजेन शरीर रिकामं ठेवत नाही. समजा त्यांनी दोन्ही दिवशी अगदी सारखंच जेवण घेतलं. चालण्याच्या दिवशी दुपारच्या त्या दोन पोळ्या संध्याकाळपर्यंत इंधन म्हणून जळून जातात. धावण्याच्या दिवशी त्याच दोन पोळ्या आधी स्नायूतला खड्डा भरायला जातात. पोळ्या तिकडे गेल्यावर ऑफिसात बसल्या-बसल्या, रात्री झोपेत, शरीर चालवायला इंधन कुठून येणार? चरबीतून. धावणाऱ्याचा आरईआर उरलेल्या दिवसात थोडा खाली राहतो, ते याच कारणाने.

हिशोब मांडून बघा. धावताना व्यायामाच्या ४० मिनिटांत चरबीच्या ३२ कॅलरी कमी जळाल्या (१५३ वजा १२१). पण कर्बोदकांच्या १७५ जास्त जळाल्या, आणि तो खड्डा भरला जाईपर्यंत तेवढी चरबी उरलेल्या वेळात जास्त वापरली गेली. १७५ वजा ३२ म्हणजे १४३. एकूण खर्चातला फरक जसाच्या तसा चरबीत उतरला, सुमारे १६ ग्रॅम. व्यायामाच्या वेळी कोणतं इंधन जळलं याने शेवटच्या उत्तरात काहीच फरक पडला नाही. हे अगदी त्याच रात्री बारा वाजता जुळेल असं नाही, एक-दोन दिवस इकडे-तिकडे होतं. पण स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा काहीशे ग्रॅमांत मोजायचा, तो आठवडेच्या आठवडे घटत किंवा वाढत राहू शकत नाही. कमी पडलेली ऊर्जा शेवटी चरबीच्या खात्यातूनच वळती होते.

हेच उलट बाजूनेही खरं आहे, आणि लोकांना ते पटायला जड जातं. चढावर चालून १७ ग्रॅम चरबी जाळली आणि घरी येऊन व्यायामात एकूण गेल्या तेवढ्याच कॅलरींचा साबुदाणा वडा खाल्ला, तर ती १७ ग्रॅम जाग्यावर परत. मास्कने जे दाखवलं ते खोटं नव्हतं, ते फक्त त्या ४० मिनिटांचं होतं.

उपाशीपोटी व्यायामाचंही असंच आहे, पुढचा प्रश्न तोच येणार म्हणून आत्ताच सांगून टाकतो. पोहे आणि गोड चहा घेऊन तासाभरात ट्रेडमिलवर चढलात तर त्याच वेगाला आरईआर वर जातो, चरबीची टक्केवारी घटते. हे मी कितीदा तरी बघितलंय, आणि चाचणीला येणारा माणूस ‘काही खाल्लं नाही’ म्हणून थाप मारत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत यंत्रावर कळतं. पण २०१४ मध्ये शोनफेल्ड यांच्या गटाने वीस तरुण स्त्रियांना चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम दिला. निम्म्यांना उपाशीपोटी, निम्म्यांना खाऊन. आहार दोघींचा मोजून-मापून सारखा ठेवला होता. चरबी दोन्ही गटांत कमी झाली आणि गटागटांत फरक निघाला नाही. अभ्यास लहान आहे, पण वरच्या हिशोबाला धरून आहे. सकाळी रिकाम्या पोटी बरं वाटत असेल तर तसं करा, चक्कर येत असेल तर केळं खाऊन जा.

आता तुमचे दोन महिने. दिवसाला १९५ कॅलरी हा त्या ४० मिनिटांतल्या एकूण खर्चाचा आकडा आहे. ती ४० मिनिटं तुम्ही नुसते बसून असतात तरी ५० कॅलरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्यामुळे जादा खर्च १४५. पाच दिवसांचे ७२५, आठ आठवड्यांचे ५,८००. एक किलो शरीरातली चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तेव्हा आहार तोळाभरही न बदलता तुमचं दोन महिन्यांत जास्तीत जास्त पाऊण किलो उतरायचं होतं. एवढा फरक घरच्या काट्यावर पाण्याच्या चढउतारात सहज लपतो. आणि रोज १४५ कॅलरी भरून यायला फार काही लागत नाही, जिमहून आल्यावरचा एक गोड चहा आणि चार बिस्किटं पुरतात. तुमचं काही बिघडलेलं नाही, मेटाबॉलिझम ‘स्लो’ वगैरे झालेला नाही. खर्चच लहान होता. मित्राचं उतरलं त्यात धावण्याच्या वेगाची जादू नाही, त्याच वेळात त्याचा खर्च दुपटीपेक्षा जास्त झाला, आणि त्याने तो खाऊन भरून काढला नाही.

मग सगळ्यांनी पळावं का? इथे मी मित्राच्या बाजूने बोलणार नाही. खर्च वेळ आणि जोर दोन्हींनी होतो. तुम्ही सहाच्याच वेगाने ९० मिनिटं चाललात तर एकूण ४४० कॅलरी होतात, ४० मिनिटं धावण्याच्या एकूण खर्चाच्या जवळपास. ज्यांच्याकडे वेळ आहे, गुडघे कुरकुरतात, वजन शंभराच्या पुढे आहे, त्यांना मी बेधडक लांब चालणं देतो. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिल्याच आठवड्यात धावायला लागून नडगी किंवा टाच दुखवून तीन आठवडे घरी बसलेले ढीगभर असतात, त्या तीन आठवड्यांचा खर्च शून्य. शिवाय काहींना जोराच्या व्यायामानंतर अशी भूक लागते किंवा असा थकवा येतो की उरलेला दिवस ते लिफ्टच वापरतात. कागदावर मिळवलेलं असं परत जातं. जोराचे छोटे तुकडे आणि मध्यम सलग व्यायाम यांची तुलना करणारे अनेक अभ्यास झालेत, आणि खर्च सारखा ठेवला तर चरबीतली घटही जवळपास सारखीच येते. जोराच्या व्यायामात वेळ वाचतो, एवढंच.

तक्त्याबद्दल बोलायचं राहिलं. १०६ ते १२४ हा आकडा २२० वजा वय, मग त्याचे ६० ते ७० टक्के, असा आलाय. २२० वजा वय हे सरासरीचं सूत्र आहे आणि एकेका माणसासाठी त्यात दहा-बारा ठोके इकडे-तिकडे अगदी सर्रास असतात. वरच्या गृहस्थांचा सूत्राने कमाल हार्ट रेट १७७ यायला हवा होता, प्रत्यक्षात १८६ निघाला. फॅटमॅक्सही प्रत्येकाचा वेगळा. तयारीच्या खेळाडूंमध्ये तो बराच वर असतो, आमच्या-तुमच्यासारख्यांत खाली. मनगटावरचं घड्याळही बहुतेकदा असंच सूत्र वापरून तुम्हाला झोनमध्ये घालतं, फक्त रंग छान देतं. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या: रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल अशी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात. तो तक्ता त्या माणसाला लागूच नाही. १२४ गाठायच्या नादात तो भलताच जोर लावून बसतो. अशांनी जोर किती वाढवायचा हे आधी डॉक्टरांना विचारावं आणि श्वासावरून ठरवावं: सलग वाक्यं बोलता येत असतील तर हलका-मध्यम, चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जोराचा.

झोनचा खरा उपयोग कुणाला असतो तर लांब पल्ल्याच्या धावपटूला. त्याला चरबी कमी करायची नसते, ३५ व्या किलोमीटरला ग्लायकोजेन संपू नये म्हणून त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढवायचा असतो. त्याच्यासाठी मी ही चाचणी करतोच. पोट कमी करायला आलेल्या माणसाला मात्र सरळ सांगतो, पैसे वाचवा.

तुमच्यासाठी मी असं करेन. पाचपैकी तीन दिवस चढावर चाला, साडेपाचचा वेग आणि ५ टक्के चढ, ४० मिनिटं. एकदम जमलं नाही तर २ टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला एक टक्का वाढवा. एक दिवस तुमचं नेहमीचं सपाट चालणं, पण तास-सव्वा तास, बाहेर, टेकडी जवळ असेल तर टेकडीवर. पाचव्या दिवशी सपाट पट्ट्यावर दोन मिनिटं हळू धावणं, तीन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. हार्ट रेट १२४ च्या वर जाईल. जाऊ द्या. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी असं काही वाटलं तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. जेवणाचं काही मोठं करू नका, फक्त व्यायामानंतरचा तो चहा-बिस्किटांचा राउंड आठ आठवडे बंद ठेवा. वजन रोज सकाळी एकाच वेळी घेऊन आठवड्याची सरासरी लिहा, एकट्या दिवसाचा आकडा बघू नका. कमरेचा घेर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पंधरा दिवसांतून एकदा.

आणि चढावर चालताना पुढचा दांडा धरू नका. दांड्याला लटकून मागे झुकलं की शरीर पट्ट्याला काटकोनात येतं आणि चढ असून नसल्यासारखा होतो. स्क्रीनवर कॅलरी मात्र पूर्ण मोजल्या जातात, कारण तुम्ही दांड्याला टेकलाय हे यंत्राला कळत नाही. धरल्याशिवाय जमत नसेल तर चढ एक टक्क्याने कमी करा आणि हात सोडून चाला.